फोटोतली लॉगची पदावली, पाये वेगवेगळे, आणि उत्तर जुळत नाही: चूक नेमकी कुठे शोधायची

तक्रार ठरलेली असते. वहीचा किंवा पुस्तकाचा फोटो, त्यात तीन-चार लॉग, प्रत्येकाचा पाया वेगळा, आणि खाली प्रश्न: "नियम सगळे लावले, तरी उत्तर येत नाही." यातली बरीच गणितं नियमांत चुकलेलीच नसतात. चूक झालेली असते फोटो वाचताना. उरलेल्यांत पाया बदलताना गडबड असते. बाहेरून दोन्ही चुका सारख्याच दिसतात, पण त्या वेगळ्या ओळखता येतात, आणि त्यासाठी पूर्ण गणित पुन्हा सोडवावं लागत नाही.

एकच पदावली घेऊन शेवटपर्यंत जाऊ:

```
log₄ 27 · log₉ 8 + log_√2 6 − log₄ 81
```

पाये आहेत 4, 9, √2 आणि पुन्हा 4. बरोबर उत्तर 17/4, म्हणजे 4.25. याच पदावलीवरून लोक 3.5, 1.665, 0.3726, 0.3224 अशी उत्तरं काढतात, आणि त्यातलं प्रत्येक उत्तर आपली चूक स्वतःच सांगतं.

आधी फोटो वाचा

लॉगचा पाया लहान आणि ओळीच्या खाली लिहिलेला असतो. छापील मजकुरात तो साधारण g च्या शेपटीच्या उंचीवर बसतो, आणि ज्या संख्येचा लॉग घ्यायचा ती l आणि o ज्या ओळीवर उभे आहेत त्याच ओळीवर असते. फोटो तिरका काढला की ही ओळच कलते. मग पाया वर सरकल्यासारखा दिसतो आणि log₄ 27 चं log 427 होतं. अशा वेळी अक्षरांच्या उंचीवर विसंबू नका. त्याच ओळीतलं अधिकचं किंवा बरोबरचं चिन्ह शोधा. त्या चिन्हाची आडवी रेघ ज्या दिशेने कलली आहे, तीच त्या ओळीची खरी दिशा. तिला समांतर रेघ मनात ओढली की कोणता अंक खाली आहे ते लगेच कळतं.

फोटोतून मजकूर उचलणारं अ‍ॅप वापरत असाल तर हीच गोष्ट जास्त जपायची. साध्या मजकुरात खाली लिहिलेला अंक ठेवायला जागाच नसते, त्यामुळे log₉ 8 चं सरळ log98 होऊन हाती येतं. ते तसंच कॅल्क्युलेटरला दिलं तर पाया 10 धरून 1.9912 मिळतं. खरी किंमत 0.9464 आहे.

दुसरी जागा म्हणजे करणीचं चिन्ह. log_√2 6 मधलं √ मुळातच लहान असतं, आणि 2 वरची आडवी रेघ अगदी बारीक. सावलीत किंवा हललेल्या फोटोत तीच आधी जाते आणि पाया नुसता 2 दिसतो. उलटंही होतं: रेघ लांब ओढली असेल तर ती 6 पर्यंत गेल्यासारखी वाटते आणि log √26 वाचलं जातं. रेघ कुठे संपते ते फोटो मोठा करूनच ठरवायचं, अंदाजाने नाही.

हाताने लिहिलेल्या मराठी वहीत आणखी एक अडचण असते. कुणी देवनागरी अंक लिहितं, कुणी इंग्रजी, आणि कुणी एकाच गणितात दोन्ही. ४ ला 8 समजणं आणि १ ला 9 समजणं या दोन चुका लॉगच्या पायात फार महाग पडतात, कारण तो अंक आधीच लहान असतो. शंका आली तर त्याच पानावर दुसरीकडे तोच अंक कसा काढला आहे ते पाहा. एका माणसाचा 4 पानभर साधारण सारखाच असतो.

घात कुणाचा, हेही इथेच ठरवायचं. log₂ 3² म्हणजे फक्त 3 चा वर्ग, किंमत 3.1699. (log₂ 3)² म्हणजे पूर्ण लॉगचा वर्ग, किंमत 2.5121. दुसरा प्रकार बरेचदा log₂² 3 असाही लिहितात. फोटोत लहानसा 2 लॉगच्या डोक्यावर आहे की 3 च्या, यावर सगळं अवलंबून आहे. घाताचा नियम फक्त पहिल्या प्रकाराला लागतो.

वाचून झालं की पदावली एका सरळ ओळीत, कंस घालून लिहा आणि फोटोशी एकेक अंक ताडून पाहा. कुणाला मदत मागायची असेल तर फोटोबरोबर ही ओळही द्या, म्हणजे तुम्ही काय वाचलं ते समोरच्याला दिसतं:

```
log[4](27) * log[9](8) + log[sqrt(2)](6) - log[4](81)
```

किमतीचा अंदाज, सोडवायच्या आधी

लॉग म्हणजे घातांक. log₄ 27 विचारतो, 4 चा कितवा घात 27 होतो? 4² = 16 आणि 4³ = 64, म्हणजे उत्तर 2 आणि 3 च्या मध्ये. log₉ 8 हा 1 पेक्षा जरासा कमी, कारण 9 ला 8 पर्यंत यायला पूर्ण एक घातही लागत नाही. log_√2 6 साठी: (√2)⁵ सुमारे 5.66 आणि (√2)⁶ = 8, म्हणजे 5 आणि 6 च्या मध्ये. log₄ 81 साठी 4³ = 64 आणि 4⁴ = 256, म्हणजे 3 च्या थोडा पुढे.

हे चार अंदाज समासात लिहून ठेवा. पुढे एखाद्या पदाची किंमत या चौकटीबाहेर गेली तर चूक त्याच पदात आहे, बाकीची तीन तपासत बसायची गरज नाही. पाया बदलताना अंश-छेद उलटे झाले, तर ते इथे हटकून पकडलं जातं.

एकच पाया, एकच अक्षर

पाये वेगळे असले की गुणाकाराचा आणि भागाकाराचा नियम थेट लावता येत नाही. ते नियम एकाच पायाच्या लॉगना लागू आहेत. म्हणून पहिलं काम सगळे लॉग एका पायावर आणणं. कोणता पाया घ्यायचा? 10 घेतला तरी गणित चालेल, पण हाताशी दशांश येतील आणि काय कटतंय ते दिसणार नाही. त्यापेक्षा सगळ्या संख्या मूळ अवयवांत फोडून पाहा. इथे 4, 27, 9, 8, √2, 6, 81 या सगळ्या फक्त 2 आणि 3 पासून बनल्या आहेत:

```
4 = 2²     27 = 3³     9 = 3²     8 = 2³
√2 = 2^(1/2)     6 = 2·3     81 = 3⁴
```

दोनच मूळ संख्या आहेत, म्हणून 2 हा पाया घ्या आणि log₂ 3 ला एक अक्षर द्या. t म्हणू. x नको. फोटोत आणि घाईच्या अक्षरात तो गुणाकाराच्या फुलीत मिसळतो. आता पाया 2 असताना log 2 = 1 आणि log 3 = t. बाकी सगळं आपोआप येतं: log₂ 27 = 3t, log₂ 8 = 3, log₂ 9 = 2t, log₂ 6 = 1 + t, log₂ 81 = 4t, log₂ 4 = 2, log₂ √2 = 1/2.

पाया बदलण्याचं सूत्र असं आहे:

```
log_a b = (log_c b) / (log_c a)
```

संख्या वर, जुना पाया खाली. हे उलटं करायची सवय अनेकांना असते, म्हणून ते कुठून येतं ते एकदा पाहून ठेवलेलं बरं. log₄ 27 = y धरा. म्हणजे 4^y = 27, म्हणजेच 2^(2y) = 3³. दोन्ही बाजूंचा पाया 2 ने लॉग घेतला की 2y = 3t, म्हणून y = 3t/2. पायातला घात 2 हा y बरोबर गुणला गेला आणि पलीकडे जाताना छेदात उतरला. पायाचा घात नेहमी छेदात जातो. त्याचं कारण एवढंच.

चारही पदं आता अशी होतात:

```
log₄ 27   = 3t / 2
log₉ 8    = 3 / (2t)
log_√2 6  = (1 + t) / (1/2) = 2 + 2t
log₄ 81   = 4t / 2 = 2t
```

पहिल्या दोघांचा गुणाकार:

```
(3t/2) · (3/(2t)) = 9/4
```

इथे t कटतो. बाकीचं: (2 + 2t) − 2t = 2. एकूण 9/4 + 2 = 17/4.

अंदाजांशी ताडून पाहायचं असेल तर t ची किंमत 1.58496 घाला. पदं येतात 2.3774, 0.9464, 5.1699, 3.1699, आणि चारही आधीच्या चौकटीत बसतात. एकूण 4.25.

अक्षर ठेवण्याचा खरा फायदा पुढे आहे. t कटला की नाही, हे पाहूनच गणित नीट वाचलं का ते बऱ्याच अंशी कळतं.

t उरला तर

समजा फोटोत √ दिसलं नाही आणि पाया 2 वाचला. मग तिसरं पद 1 + t होतं आणि एकूण येतं:

```
9/4 + (1 + t) − 2t = 13/4 − t ≈ 1.665
```

आता विचार करा: पुस्तकाच्या मागे उत्तर 17/4 आहे आणि तुमच्या हातात 13/4 − t. अजून एखादा नियम लावून हा t घालवता येईल का? नाही, आणि हे ठामपणे सांगता येतं. log₂ 3 अपरिमेय आहे. तो p/q असता (p, q धन पूर्णांक) तर 2^p = 3^q झालं असतं, पण डावी बाजू सम आणि उजवी विषम आहे. त्यामुळे 13/4 − t हा कोणताही अपूर्णांक असूच शकत नाही. याहून पुढची गोष्ट गेलफोंड आणि श्नायडर यांनी १९३४ साली स्वतंत्रपणे सिद्ध केलेल्या प्रमेयातून मिळते: t हा पूर्णांक सहगुणकांच्या कोणत्याही बहुपदी समीकरणाचं मूळ नाही. म्हणजे वर्ग करा, भागा, एकत्र करा, पदावलीत t खरोखर शिल्लक असेल तर ती परिमेय संख्येएवढी कधीच होणार नाही.

याचा व्यवहारातला उपयोग सरळ आहे. छापील उत्तर साधा अपूर्णांक आहे आणि तुमच्याकडे t उरला आहे, तर नवे नियम लावत बसू नका. एकतर फोटो चुकीचा वाचला आहे, किंवा पाया बदलताना एखादं पद चुकलं आहे, किंवा छापील उत्तरच चुकलं आहे. तिसरी शक्यता असते, पण तिच्याकडे सर्वांत शेवटी जायचं.

उरलेल्या t चं रूपही माग दाखवतं. एकूणात t चा साधा गुणक उरला असेल, म्हणजे इथल्यासारखं −t, तर बेरीज-वजाबाकीच्या पदांत घोळ आहे, म्हणजे तिसऱ्या किंवा चौथ्यात. गुणाकारातच t उरला असेल तर पहिल्या दोघांकडे जा. उदाहरणार्थ 9 ला 4 वाचलं तर log₄ 8 = 3/2 येतं आणि गुणाकार 9t/4 होतो. एका लॉगमध्ये t वर आणि दुसऱ्यात खाली हवा होता. तो खालचा नाहीसा झाला, म्हणून log₉ 8 पुन्हा पाहायचं.

मात्र प्रत्येक गणितात t कटायलाच हवा असं नाही. याच दोन लॉगमध्ये गुणाकाराऐवजी अधिक असतं, log₄ 27 + log₉ 8, तर उत्तर 3t/2 + 3/(2t) एवढंच, किंमत सुमारे 3.3238. याहून सोपं रूप नाही. फोटोत गुणाकाराचा ठिपका आणि अधिकचं चिन्ह यात गफलत होते, म्हणून t दोन्हीकडे, वर आणि खाली, असा उरला की ते चिन्ह एकदा पाहून घ्या.

t कटतो, उत्तर सुटसुटीत येतं, आणि तरी चूक

ही सगळ्यांत फसवी चूक. कुणी log₄ 27 · log₉ 8 चा गुणाकार करताना पाये गुणले आणि संख्याही गुणल्या:

```
log₄ 27 · log₉ 8  →  log₃₆ 216 = 3/2      (चूक)
```

36 चा दीडवा घात खरोखरच 216 होतो, त्यामुळे 3/2 असं स्वच्छ उत्तर येतं आणि संशय येत नाही. एकूण मग 3.5. पण लॉगच्या गुणाकाराला असा कोणताही नियम नाही. log b + log c = log(bc) हा नियम बेरजेचा आहे, तोही एकाच पायाचा. वेगळ्या पायाच्या दोन लॉगचा गुणाकार सोपा होतो तो फक्त साखळी जुळली तर:

```
log_a b · log_b c = log_a c
```

इथे साखळी थेट जुळत नाही, पण 27 = 3³ आणि 9 = 3² असल्यामुळे घात बाहेर काढल्यावर जुळते: (3/2) log₂ 3 · (3/2) log₃ 2 = 9/4. शेवटचे दोन लॉग एकमेकांचे व्यस्त आहेत, म्हणून त्यांचा गुणाकार 1.

ही चूक पकडायला आधीचा अंदाज पुरतो. log₄ 27 दोनच्या पुढे, log₉ 8 जवळजवळ 1. गुणाकार 1.5 कसा येईल?

याच जातीची दुसरी चूक भागाकारात होते. log 27 / log 4 लिहिलं की काही जण त्याचं log 27 − log 4 करतात आणि मग log 6.75. पाया 10 असेल तर ते 0.8293 येतं. log(b/c) = log b − log c हा नियम लॉगच्या आत असलेल्या भागाकाराचा आहे. दोन लॉग एकमेकांना भागले जात असतील तर तो भागाकार तसाच राहतो. पाया बदलण्याचं सूत्र नेमकं यावरच उभं आहे.

आणि तिसरी, पायातला अर्धा घात. √2 म्हणजे 2^(1/2), म्हणून घाईत (1/2)·log₂ 6 लिहिलं जातं. तसं केलं तर एकूण 11/4 − 3t/2, म्हणजे सुमारे 0.3726. पायाचा घात छेदात जातो, आणि 1/2 छेदात गेला की बाहेर 2 येतो. विसरायला होत असेल तर असं तपासा: √2 हा 2 पेक्षा लहान आहे, त्यामुळे 6 पर्यंत पोचायला त्याला जास्त वेळा गुणावं लागणार. log_√2 6 हा log₂ 6 पेक्षा मोठाच असला पाहिजे.

कॅल्क्युलेटर वेगळंच सांगतो तेव्हा

हाताने 17/4 आलं आणि यंत्रावर दुसरं काही दिसलं, तर बहुधा यंत्राला सांगताना चूक झालेली असते. पाया आणि संख्या कोणत्या क्रमाने लिहायच्या हे प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. पायथनमध्ये आणि स्प्रेडशीटमध्ये संख्या आधी, पाया नंतर:

```
from math import log, sqrt
log(27,4)*log(8,9) + log(6,sqrt(2)) - log(81,4)
```

```
=LOG(27,4)*LOG(8,9)+LOG(6,SQRT(2))-LOG(81,4)
```

जिओजेब्रामध्ये मात्र पाया आधी:

```
log(4,27)*log(9,8) + log(sqrt(2),6) - log(4,81)
```

क्रम उलटला की प्रत्येक लॉगचा व्यस्त मिळतो, आणि एकूण 0.3224 येतं. पहिला गुणाकार 9/4 ऐवजी 4/9 दिसला तर दुसरं कारण शोधायलाच नको. पायथनमध्ये 4.25 च्या ऐवजी शेवटच्या दशांशस्थळी बारीकसा फरक दिसू शकतो. तो गणनेतल्या पूर्णांकनाचा आहे, गणिताचा नाही.

पाया न लिहिता नुसतं log दिलं तर स्प्रेडशीट 10 धरते आणि पायथन e धरतं. पाया बदलताना वर आणि खाली एकच बटण वापरलं तर याने काही बिघडत नाही, 10 असो वा e, गुणोत्तर तेच राहतं. पण वर ln आणि खाली log दाबलं की उत्तर 2.3026 पटीने चुकतं. log₄ 27 च्या जागी 5.474 दिसलं तर हेच झालं आहे. 2.3026 म्हणजे ln 10. ही संख्या ओळखीची झाली की ही चूक लगेच लक्षात येते.

काही कॅल्क्युलेटर log चं बटण दाबताच कंस उघडतात आणि तो बंद करणं आपल्यावर सोडतात. 27 नंतर कंस बंद न करता पुढचा लॉग गुणला, तर यंत्र त्याला log₄(27 · log₉ 8) समजतं. तेव्हा पहिला गुणाकार 2.25 ऐवजी 2.3377 येतो. हा फरक इतका लहान आहे की "जवळपास बरोबर" म्हणून सोडून दिला जातो. लॉगच्या गणितात उत्तर नेमकं जुळलं पाहिजे. दुसऱ्या दशांशस्थळीही फरक असेल तर कंस तपासा.

फोटोत अंकांच्या जोडीला अक्षरं असतील तर

वरची सगळी पद्धत तशीच चालते, फक्त एका ठिकाणी थांबावं लागतं. log₄ x² बघितल्यावर घात आणि पायाचा घात कापून थेट log₂ x लिहिण्याचा मोह होतो. x = −8 घालून पाहा: log₄ 64 = 3, पण log₂(−8) ला वास्तव संख्यांत अर्थ नाही. बरोबर रूप log₂ |x| आहे. सम घात बाहेर काढताना केवल मूल्याच्या रेघा लावायच्या, जोवर x धन आहे असं गणितात कुठेतरी सांगितलेलं नाही तोवर. पायातही तेच: log_(x²) 16 चं सोपं रूप 4·log_(x²) 2 म्हणजे 2·log_|x| 2 आहे, आणि x ला 0, 1, −1 या किमती चालत नाहीत.

विषम घाताला ही अडचण नाही. log₈ x³ = log₂ x, कारण x³ धन असेल तर x ही धनच असतो. आणि मूळ पदावलीत log₄ x² च्या शेजारी कुठेही नुसता log x असेल, तर तो स्वतःच x ला धन असायला भाग पाडतो. मग त्या रेघा लिहिल्या काय नि न लिहिल्या काय, फरक पडत नाही. म्हणून अक्षरांची पदावली आली की सोपं करण्याआधी मूळ रूपातल्या प्रत्येक लॉगच्या अटी एका ओळीत लिहून काढा: आतली संख्या धन, पाया धन, पाया 1 नाही. सोपं केलेल्या रूपावरून या अटी नंतर परत मिळत नाहीत. log_x 9 · log₃ x बघा: सोपं केल्यावर नुसते 2 उरतात, आणि x धन हवा, 1 नको, हे त्या 2 मध्ये कुठेच लिहिलेलं नसतं.